रस्त्यालगतची खोली आणि दोन मायक्रोफोन : एका वाचन-ध्वनिमुद्रणाचे प्रकरण

निवृत्तीनंतर अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम एका शिक्षिकेने हाती घेतले. शाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, म्हणून इथेही मी तेच म्हणतो. इतिहासाची पहिली तीन प्रकरणे त्यांनी पाठवली आणि तिन्ही परत आली. शेरा थोडक्यात होता : वाचन उत्तम, परंतु मागे सतत घरघर ऐकू येते आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. सोबत तांत्रिक अटींचा एक कागद होता. वाचनाची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान असावी, शिखरे उणे ३ डेसिबलच्या वर जाऊ नयेत आणि दोन वाक्यांमधल्या शांततेची पातळी उणे ६० डेसिबलपेक्षा खाली असावी, अशा त्या अटी होत्या. हे उणे आकडे मुद्रणात मावणाऱ्या कमाल पातळीपासून खाली मोजलेले असतात, म्हणजे उणे आकडा जितका मोठा तितका आवाज लहान. ऑडिओबुकच्या व्यवसायात सर्रास धरले जाणारे निकष हेच आहेत, त्यामुळे संस्थेने काही अवाजवी मागितले होते असे म्हणता येणार नाही. बाईंच्या मुद्रणात शांततेची पातळी उणे ४६ होती.

मला बोलावणे आले ते एका नेमक्या प्रश्नासाठी. बाईंनी घेतलेला मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा होता, मोठ्या पडद्याचा, ‘स्टुडिओत वापरतात तसा’. शेरा आल्यावर त्यांच्या भाच्याने सांगितले होते की चूक तिथेच झाली. कंडेन्सर खोलीतले सगळेच ऐकतो, डायनॅमिक मात्र फक्त तोंडासमोरचे ऐकतो, म्हणून तो बदलून डायनॅमिक घ्यावा. बाई म्हणाल्या, “पैसे आणखी घालायला माझी हरकत नाही, पण या वेळी का घालते आहे ते मला कळलं पाहिजे.”

खोली पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबी-रुंदी दहा बाय बारा फूट, खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट आणि समोरच्या भिंतीत ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. खिडकीखालून बसचा रस्ता जातो. छताला पंखा आहे आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातला फ्रिज. खोलीत गादी नाही, जाड पडदा नाही. पुस्तकेही काचेच्या दारांमागे. टाळी वाजवली की तिच्या मागोमाग एक बारीक टणटणीत शेपूट ऐकू येते. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने ही खोली वाईटच म्हणायला हवी, पण मराठी शहरांतल्या बहुतेक घरांत अशीच खोली वाट्याला येते, त्यामुळे तिला दोष देऊन काही साधत नव्हते.

भाच्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, पण त्याने दिलेले कारण चुकीचे होते, आणि कारण चुकीचे धरले की योग्य वस्तू आणूनही काम बिघडते. म्हणून आधी ते कारणच तपासले.

डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पातळ पडद्याला तारेची एक बारीक कॉइल चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या फटीत हलते. हलण्यातून जेवढी वीज निर्माण होते तेवढीच तारेतून पुढे जाते. कंडेन्सरमध्ये अतिशय हलका, धातूचा मुलामा दिलेला पडदा एका स्थिर पत्र्यासमोर ताणलेला असतो. दोहोंतले अंतर बदलले की विद्युतधारकता बदलते आणि त्या बदलाचे बळकट संदेशात रूपांतर करणारी छोटी इलेक्ट्रॉनिक रचना मायक्रोफोनच्या पोटातच बसवलेली असते. तिच्यासाठी इंटरफेसकडून, म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीकडून, ४८ व्होल्टची फँटम पॉवर घ्यावी लागते. या रचनेमुळे कंडेन्सरचा संदेश पुष्कळ मोठा असतो. परिचयाची दोन उदाहरणे घ्यायची तर, एक पास्कल इतक्या ध्वनिदाबाला शुअरचा एसएम५८ हा डायनॅमिक साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर सुमारे १४ मिलिव्होल्ट. हा फरक साडेसात पटींचा, म्हणजे जवळजवळ १७ ते १८ डेसिबलचा आहे.

गैरसमज नेमका इथे जन्म घेतो. गेनची, म्हणजे संदेश किती वाढवायचा ते ठरवणारी, इंटरफेसवरची कळ न हलवता कंडेन्सर काढून डायनॅमिक जोडला की पंखा, रस्ता, फ्रिज सगळे एकदम गप्प झाल्यासारखे वाटते, परंतु वाचणाऱ्याचा आवाजही तेवढाच खाली गेलेला असतो. तो पूर्वीच्या पातळीवर आणण्यासाठी गेन वाढवला की पंखाही परत येतो. दुधात पाणी किती मिसळले आहे ते भांडे लहान-मोठे घेतल्याने बदलत नाही, तसेच हे आहे. संवेदनशीलतेचा आकडा आवाज आणि गोंगाट या दोहोंना सारखाच गुणतो. त्यांच्यातले प्रमाण ठरते ते तोंड आणि मायक्रोफोन यांच्यातल्या अंतरावर, आणि काही अंशी मायक्रोफोन कोणत्या दिशेने किती ऐकतो यावर. बाईंचा कंडेन्सर आणि मी आणलेला डायनॅमिक हे दोन्ही कार्डिऑइड नमुन्याचे होते. समोरून जास्त, बाजूने निम्मे आणि मागून जवळजवळ काहीच नाही, अशी त्या नमुन्याची दाद असते. सगळीकडून येणारा पसरलेला गोंगाट असा नमुना जवळपास पाच डेसिबलने कमी घेतो, आणि हे गणित नमुन्याचे आहे. आत कॉइल आहे की विद्युतधारक याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे बोलून पटवण्यापेक्षा मोजून दाखवणे सोपे होते. दोन्ही मायक्रोफोन एकाच स्टँडवरच्या आडव्या पट्टीवर शेजारी शेजारी अशा रीतीने बसवले की दोघांचे पडदे तोंडापासून सारख्या अंतरावर राहतील, आणि इंटरफेसच्या दोन वेगळ्या वाहिन्यांवर एकाच वेळी मुद्रण केले. एकाच वेळी करणे महत्त्वाचे, कारण आळीपाळीने केले तर एका खेपेला बस जाते आणि दुसऱ्या खेपेला जात नाही, मग आपण मायक्रोफोनची नव्हे तर बसची तुलना करून बसतो. फँटम पॉवर दोन्ही वाहिन्यांना एकत्रच सुरू होत होती. डायनॅमिक नीट तीन पिनांच्या केबलने जोडलेला असेल तर त्याला तिच्यापासून धोका नसतो. बाईंनी आधी दहा सेकंद शांतता ठेवली आणि मग पुस्तकातला एकच उतारा मिनिटभर वाचला. नंतर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मुद्रणांतल्या वाचनाची सरासरी पातळी उणे २० वर आणली आणि त्या बदलानंतर शांतता कुठे येते ते पाहिले. खिडकी बंद होती, पंखाही बंद होता.

पहिली फेरी एक फुटावरून झाली, कारण बाई आतापर्यंत तेवढ्याच अंतरावरून वाचत होत्या. कंडेन्सरची शांतता उणे ४६ वर आली आणि डायनॅमिकची उणे ४७ वर. एका डेसिबलचा हा फरक कानाला कळतही नाही. घुमाराही दोन्हींत होता. डायनॅमिकमध्ये तो किंचित मंद वाटला इतकेच, कारण वरच्या पट्टीतला चकचकीत भाग तो कमी उचलतो. त्याच अंतरावर मायक्रोफोन बदलून बाईंचे पैसे वाया गेले असते.

दुसरी फेरी अडीच इंचांवरून, म्हणजे साधारण तीन बोटांच्या अंतरावरून झाली. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, तर रस्ता आणि फ्रिज जिथल्या तिथेच राहत असल्याने त्यांची पातळी बदलत नाही. एका फुटावरून अडीच इंचांवर येणे म्हणजे अंतर जवळजवळ दोनदा निम्मे करणे, आणि त्यावरही थोडे अधिक. आता कंडेन्सरची शांतता उणे ५८ आणि डायनॅमिकची उणे ६० निघाली. बारा-तेरा डेसिबलची सुधारणा दोघांतही झाली होती आणि एकमेकांमधला फरक अजूनही दोनच डेसिबलचा होता. तो फरक कशामुळे हेही मुद्रण ऐकून सांगता येत होते : बसच्या इंजिनाची अगदी खालची धडधड कंडेन्सरमध्ये अधिक होती, कारण डायनॅमिकची दाद ५० हर्ट्झच्या आसपास मुळातच ढासळू लागते.

इतक्या जवळून बोलल्यावर आणखी एक गोष्ट घडते. दिशा ओळखणाऱ्या कोणत्याही मायक्रोफोनजवळ तोंड नेले की आवाजातला खर्ज फुगतो, मात्र दूरवरून येणारा गोंगाट तसा फुगत नाही. हा फुगलेला खर्ज काढण्यासाठी खालची पट्टी छाटली, की त्या छाटणीत रस्त्याची घरघर फुकटात निघून जाते. बाईंच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या २०० हर्ट्झच्या जवळपास असल्यामुळे १०० हर्ट्झच्या खाली कात्री चालवण्यात काहीच धोका नव्हता. ती चालवून वाचनाची पातळी पुन्हा उणे २० वर आणल्यावर शांततेचे आकडे उणे ६३ आणि उणे ६५ झाले. भारदस्त पुरुषी आवाजाला ही कात्री ७० ते ८० हर्ट्झवरच थांबवावी लागली असती आणि फायदा तेवढा कमी झाला असता.

कागदावर दोन्ही मायक्रोफोन अटीत बसले होते. बाईंनी विचारलेही, “मग आहे तोच पुढे घेतला तर?” त्याचे उत्तर आकड्यांत मिळत नव्हते, मुद्रण ऐकल्यावरच मिळाले. उताऱ्यात ‘फितुरी’, ‘भूभाग’, ‘प्रांत’ असे शब्द होते, आणि कंडेन्सरमध्ये त्यातल्या प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला दार आपटल्यासारखा धप्प आवाज बसला होता. मराठीत फ, भ, थ, ध, ख अशी श्वास ओतून उच्चारायची व्यंजने पावलोपावली येतात, आणि अध्यापनात आयुष्य घालवलेल्या बाई ती चोख उच्चारतात. कंडेन्सरचा ताणलेला हलका पडदा हा झोत सहन करत नाही. स्पंजची टोपी घातली तर धप्प कमी झाले, गेले नाही. कापडी पॉप फिल्टर लावला तर ते गेले, पण फिल्टर आणि मायक्रोफोन यांच्यात दोन-अडीच इंच मोकळे सोडल्याशिवाय तो कामाचा नसतो, आणि फिल्टरला नाक लावूनही कोणी तासभर वाचत नाही. परिणामी तोंडाचे अंतर पाच इंचांवर गेले. अंतर दुप्पट होताच सहा डेसिबल हातचे गेले, आणि जवळच्या खर्जाचा फायदाही घटला. छाटणीनंतर शांतता उणे ५७ वर येऊन थांबली. अट पुन्हा तुटली.

डायनॅमिकला हे तेवढे जाचत नाही. मंचावर गोंगाटात, ओठ जाळीला टेकवून गाण्यासाठीच या घाटाचे मायक्रोफोन घडवले गेले आहेत. १९६६ साली बाजारात आलेल्या एसएम५८च्या गोल जाळीच्या आत वारा आणि फुंकर अडवणारे स्पंजचे अस्तर असते, ते याच कारणासाठी. मायक्रोफोन थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्यासमोर तिरपा धरला आणि वरून स्पंजची आणखी एक टोपी चढवली, की ‘फितुरी’ अडीच इंचांवरूनही नितळ उमटत होती. म्हणजे सारख्या अंतरावर जो फरक दोन डेसिबलचा होता तो प्रत्यक्ष वापरात आठ डेसिबलचा झाला, आणि तो गोंगाट नाकारण्याच्या कुठल्या अंगभूत गुणामुळे नव्हे. एक मायक्रोफोन तोंडाला किती जवळ येऊ देतो आणि दुसरा किती, यामुळे.

कंडेन्सरच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्याची वरच्या पट्टीतली दाद खरोखरच अधिक खुली असते. श, ष आणि स यांच्यातला भेद बाईंच्या कंडेन्सरमध्ये जास्त सुरेख ऐकू येत होता आणि तो सोडताना मला वाईट वाटले. दुसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या शांततेची. त्याच्या इलेक्ट्रॉनिक रचनेची सळसळ साधारण २० डेसिबलच्या ध्वनीइतकी असते आणि महागड्या मायक्रोफोनमध्ये ती ५ डेसिबलच्याही खाली नेलेली असते. पण बाईंच्या खोलीत भर दुपारी, खिडकी बंद असतानाही ध्वनिमापक ४५ च्या आसपास रेंगाळत होता. जिथे खोलीच ४५ वर बोलते आहे तिथे मायक्रोफोन २० वर कुजबुजतो की ५ वर, याने काहीही बदलत नाही. तो गुण विकत घ्यायचा आणि बसच्या आवाजाखाली पुरायचा, असा तो व्यवहार झाला असता.

डायनॅमिकविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा असतो की त्याला फार गेन लागतो आणि गेन वाढवला की इंटरफेसची सळसळ वर येते. बाईंच्या इंटरफेसमध्ये ५६ डेसिबलचा गेन होता. अडीच इंचांवरून साध्या वाचनाच्या आवाजाला कळ तीन-चतुर्थांशाच्या किंचित पुढे न्यावी लागली आणि सळसळ खोलीच्या गोंगाटाच्या पुष्कळ खाली राहिली. शुअरच्याच एसएम७बीसारखा डायनॅमिक मायक्रोफोन घेतला असता तर तो आणखी चार-साडेचार डेसिबल हळू बोलतो, तेव्हा कळ टोकाच्या जवळ गेली असती. असा मायक्रोफोन घ्यायचा तर जास्त गेनचा इंटरफेस किंवा मध्ये जोडायचे छोटे वर्धक यंत्र यांचाही खर्च आधीच धरावा. या कामासाठी तो खर्च मला अनावश्यक वाटला.

म्हणून डायनॅमिक घेतला. त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोन नव्या अडचणी आल्या.

पहिली अडचण अंतराचीच. एका फुटावर बसलेला माणूस दोन इंच पुढे-मागे झाला तर पातळी दीड डेसिबलने बदलते. अडीच इंचांवर बसलेला माणूस तेवढाच मागे गेला तर पाच डेसिबल जातात आणि आवाजातला खर्जही बदलतो. बाई पुस्तक मांडीवर ठेवून वाचत, त्यामुळे डाव्या पानाच्या खालच्या ओळींपर्यंत पोहोचेतो मान झुकलेली असे आणि उजव्या पानाच्या सुरुवातीला पुन्हा वर येई. मुद्रणात प्रत्येक पानाच्या शेवटी आवाज विरळ होत जाताना सरळ दिसत होता. तरंगाचा आलेख उतरत्या छपरासारखा. उपाय मायक्रोफोनमध्ये नव्हता. पानांची छायाचित्रे टॅबलेटवर घेतली, टॅबलेट डोळ्यांच्या रेषेत स्टँडवर बसवला आणि मायक्रोफोन टेबलावरून उचलून झुलत्या हातावर, तोंडाच्या कोपऱ्याशी आणला. पान उलटण्याची खसखस त्यात आपोआप गेली.

दुसरी अडचण मला लगेच ओळखता आली नाही. एका दुपारच्या मुद्रणात मागे बारीक गुणगुण होती, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची, जी खोलीत कानाला अजिबात ऐकू येत नव्हती. त्या दुपारी वीज गेली होती आणि बाईंनी वाचन इन्व्हर्टरवर चालू ठेवले होते. इन्व्हर्टर टेबलाखालीच होता. डायनॅमिकची कॉइल ही शेवटी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली तार आहे, आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र तिच्यात थेट वीज उत्पन्न करते; या वाटेने कंडेन्सरला इतका त्रास होत नाही. खात्री करण्याची रीत सोपी आहे : हेडफोन लावून मायक्रोफोन जागच्या जागी फिरवावा. खोलीतला खरा आवाज फिरवल्याने फारसा बदलत नाही, ही गुणगुण मात्र एका कोनात चढते आणि दुसऱ्या कोनात जवळजवळ नाहीशी होते. टेबल इन्व्हर्टरपासून पाच फूट सरकवल्यावर ती गेली.

पंख्याचा प्रश्न मी शेवटी सोडवला, कारण त्याचे उत्तर वरच्या सगळ्यांवर अवलंबून होते. पुण्यात एप्रिलमध्ये खिडकी आणि पंखा दोन्ही बंद ठेवून तासभर वाचा, असे सत्तरीच्या माणसाला सांगणे मला शक्य नव्हते. उणे ६५ म्हणजे अटीपेक्षा पाच डेसिबलची शिल्लक होती. पंखा दोनवर ठेवला तेव्हा शांतता उणे ६१ वर आली, तीनवर ठेवला तेव्हा उणे ५८ वर. वाऱ्याचा झोत थेट जाळीवर येऊ नये म्हणून टेबल पंख्याच्या खालून भिंतीकडे घेतले आणि कपाटाच्या पत्र्यावर एक जाड गोधडी टांगली. गोधडीने रस्त्याचा आवाज तसूभरही कमी झाला नाही, होणारही नव्हता. खोलीच्या घुमाऱ्यातला उरलासुरला टणत्कार मात्र गेला. पंख्याच्या रेग्युलेटरवर दोनच्या आकड्यापाशी बाईंनी पेनाने खूण करून ठेवली आहे.

जे जमले नाही तेही नोंदवतो. बसचा हॉर्न अडीच इंचांवरच्या डायनॅमिकमध्येही स्पष्ट ऐकू येतो. सतत चालणारी घरघर खाली दाबता येते, पण खिडकीखाली वाजलेला कर्कश हॉर्न वाचनाच्या पट्टीतच येऊन बसतो, आणि तो काढण्यासाठी छाटणी केली तर आवाजाचीच साल निघते. कुकरची शिट्टीही तशीच. तिथे बाईंनी शाळेतलीच रीत लावली आहे. हॉर्न वाजला की त्या थांबतात, टेबलावर पेन्सिलीने दोनदा टकटक करतात आणि वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचतात. संपादन करताना आलेखात त्या दोन टोकदार रेघा दुरूनच दिसतात, आणि त्यांच्या आधीचे अर्धवट वाक्य मी कापून टाकतो. परत आलेली तीन प्रकरणे अशा रीतीने पुन्हा वाचून झाली तेव्हा त्यात एकूण एकेचाळीस टकटकी होत्या, त्यांतल्या सव्वीस संध्याकाळी सहानंतरच्या. हल्ली बाई दुपारी दोन ते चार या वेळेतच वाचायला बसतात.